दोन पर्याय उरतात आणि नेमका चुकीचाच निवडला जातो: गाळलेल्या जागांच्या उताऱ्यातली नेहमीची अडचण

तक्रार दर वर्षी जवळजवळ त्याच शब्दांत येते. "बाई, चारातले दोन पर्याय मी बरोबर उडवले, पण उरलेल्या दोघांत चुकलं." मी मालवण तालुक्यात, खाडीकाठच्या एका वाडीत संध्याकाळी अभ्यासवर्ग घेते. शिष्यवृत्तीची मुलं येतात, तशी पोलीस आणि तलाठी भरतीची तयारी करणारीही येतात. वयं वेगळी, चूक मात्र एकच. सुट्या वाक्यातली गाळलेली जागा ही मुलं बरोबर भरतात. तोच शब्द सात-आठ वाक्यांच्या उताऱ्यात गाळला की चुकतात, आणि पुढच्या सरावातही पुन्हा तशीच चुकतात.

"नीट वाच" म्हणून हे सुटत नाही. चूक कोणत्या जातीची आहे ते आधी ठरवावं लागतं, आणि ते ठरवायला एक मिनिट पुरतं. चुकलेला पर्याय त्या जागी घालायचा आणि फक्त तेच एक वाक्य मोठ्याने वाचायचं. वाक्य व्याकरणाने मोडलं, म्हणजे लिंग, वचन किंवा विभक्ती जुळेनाशी झाली, तर चूक व्याकरणाची. वाक्य ठणठणीत उभं राहिलं पण मागच्या-पुढच्या वाक्यांशी भांडू लागलं, तर चूक संदर्भाची. मुलांच्या वह्यांमध्ये मी प्रत्येक चुकीपुढे "व्या" किंवा "सं" लिहून घेते. तीन-चार उताऱ्यांत चित्र स्पष्ट होतं. काही मुलांच्या वहीत सगळे "व्या" असतात, काहींच्या वहीत सगळे "सं".

तिसरीही एक जात आहे, आणि या लेखाचं खरं कारण तीच आहे. मुलाने व्याकरण लावलेलं असतं, अर्थही लावलेला असतो, पण दोन्ही वेगवेगळे लावलेले असतात. व्याकरणाचा पुरावा तो फक्त गाळलेल्या जागेच्या शेजारी शोधतो, आणि संदर्भ म्हणजे फक्त गोष्टीचा अर्थ असं धरून चालतो. मराठीत तसं नाही. या वाक्यातल्या नामाचं लिंग ओळखायचा पुरावा दोन वाक्यं मागे किंवा चार शब्द पुढे पडलेला असू शकतो. तिथे संदर्भ वाचल्याशिवाय व्याकरण कळतच नाही.

आधी एक उतारा पाहू. हा मीच आमच्या मुलांसाठी लिहिला. जूनच्या १ तारखेपासून जुलैच्या ३१ पर्यंत यांत्रिक मासेमारी बंद असते, हे इथल्या प्रत्येक पोराला ठाऊक असतं. त्यामुळे विषयाची अडचण येत नाही आणि चूक झाली तर ती भाषेचीच असते.

जून आणि जुलै असे दोन महिने बंद असलेली मासेमारी ऑगस्टमध्ये पुन्हा सुरू झाली. पहिल्याच दिवशी तांडेलाने पहाटे चार वाजता खलाशांना (१) ........ . वारा पडला होता, (२) ........ समुद्र अजून शांत झाला नव्हता. खाडीच्या तोंडाशी लाटा एवढ्या उंच (३) ........ की होडी दोनदा मागे फिरवावी लागली. तिसऱ्या खेपेला ती बाहेर निघाली. खोल पाण्यात गेल्यावर खलाशांनी जाळी (४) ........ . दोन तासांनी ती ओढायला घेतली, तेव्हा चौघांचे हात (५) ........ पडले. एवढे वजन म्हणजे मासळी भरपूर असणार, असे सगळ्यांना वाटले. (६) ........ एकाच जाळ्यात बांगडे होते. बाकीची दोन पाण्याखालच्या खडकात अडकून (७) ........ . बांगडे विकून जे पैसे आले, (८) ........ तांडेलाने नायलॉनचे सूत आणले आणि दुपारभर सगळे ती दोन्ही जाळी सांधत बसले.

पर्याय असे:

(१) उठवला / उठवली / उठवले / उठले
(२) म्हणून / कारण / पण / किंवा
(३) उसळत होत्या / ओसरत होत्या / उसळत होता / उसळत होती
(४) टाकला / टाकली / टाकले / टाकल्या
(५) पुरे / अपुरे / अपुऱ्या / अपुरी
(६) म्हणून / प्रत्यक्षात / शिवाय / अन्यथा
(७) फाटला होता / फाटली होती / फाटले होते / फाटल्या होत्या
(८) ज्यांतून / त्यांतून / तिच्यातून / त्याच्याकडून

पर्याय झाका

पहिलं वाचन पर्यायांवर हात ठेवून करायचं. गाळलेल्या जागी थांबायचं नाही, मनात "काहीतरी" म्हणायचं आणि पुढे जायचं. हा उतारा वाचायला मिनिटभरही लागत नाही.

हात ठेवायला सांगते त्याला कारण आहे. १९५३ साली विल्सन टेलर या अमेरिकी संशोधकाने शब्द गाळायची ही पद्धत मांडली, तेव्हा मजकूर वाचायला किती सोपा किंवा अवघड आहे हे मोजणं हा तिचा हेतू होता. ठरावीक अंतराने शब्द गाळायचे आणि वाचकाने ते आपल्या मनाने भरायचे, पर्याय नसत. पर्याय आले आणि काम बदललं. आता चारातले तीन शब्द कुणीतरी मुद्दाम, चुकावं म्हणूनच निवडलेले असतात. ते आधी डोळ्यांत शिरले की मूल उतारा वाचत नाही, पर्यायाला बसेल असं वाक्य शोधू लागतं. "सं"ने भरलेल्या वह्यांचं मूळ बहुतेक वेळा इथे असतं.

पहिल्या वाचनानंतर मी एकच प्रश्न विचारते, "काय झालं, दोन वाक्यांत सांग." दोन महिन्यांनी होडी गेली, समुद्र खवळलेला होता, जाळी जड लागली पण मासे थोडे, दोन जाळी खडकात फाटली. एवढं सांगता आलं की (२), (५) आणि (६) जवळजवळ सुटलेच.

(२) मध्ये शहरातल्या मुलाची गफलत होऊ शकते. "वारा पडला" म्हणजे वारा सुटला असं वाटलं तर तो "म्हणून" निवडेल. आमच्या पोरांना वारा पडणं म्हणजे वारा थांबणं हे सांगावं लागत नाही. वारा थांबला तर समुद्र शांत व्हायला हवा, पण "अजून ... नव्हता" हे शब्द उलट सांगतात. म्हणून "पण".

(५) मध्ये पुरावा पुढच्या वाक्यात आहे. "चौघांचे ... पडले" यावरून अनेकवचनी पुल्लिंगी विशेषण हवं, म्हणून "अपुऱ्या" आणि "अपुरी" गेले. "पुरे" आणि "अपुरे" दोन्ही व्याकरणाने बसतात. मूल इथेच थांबलं तर नाणं उडवल्यासारखं होतं. पुढचं वाक्य "एवढे वजन" म्हणतं आणि कौल लागतो, "अपुरे". पूर्णविरामापाशी न थांबता पुढचं एक वाक्य वाचायचं, ही सवय लागली की "सं" झपाट्याने कमी होतात. (६) मध्ये सगळ्यांना वाटलं ते एक आणि घडलं ते दुसरं, म्हणून "प्रत्यक्षात".

"-ला"चा घोळ: कान मालवणी, कागद प्रमाण

आता "व्या" वाल्या वह्या. आमच्याकडे यातल्या बऱ्याच चुका एकाच दिशेने झुकलेल्या असतात, हे मला बऱ्याच उशिरा दिसलं. एका खलाशाच्या मुलाच्या वहीत "जाळे फाटला", "पाणी आला", "घर पडला" अशा चुका होत्या. सगळीकडे "-ला". मी त्याला पुल्लिंग, नपुंसकलिंग पुन्हा पुन्हा समजावलं. तो मान हलवायचा आणि पुन्हा "-ला" निवडायचा. एकदा मी म्हटलं, हेच घरी कसं म्हणतोस ते सांग. तो म्हणाला, "जाळा फाटला. पानी इला." मग विचारलं, पावसाचं? "पाऊस पडलो." वाऱ्याचं? "वारो सुटलो."

त्याला लिंग चोख कळत होतं. मालवणीत पुल्लिंगी एकवचनाला "-ओ" लागतो: वारो सुटलो, पाऊस पडलो. नपुंसकाला "-आ" लागतो: पानी इला, काय झाला, तुझा नाव काय. प्रमाण मराठीत हाच "-आ" पुल्लिंगाला लागतो: वारा सुटला. नपुंसकाला लिहिताना "-ए" येतो आणि बोलताना टिंब: जाळे फाटले, जाळं फाटलं. म्हणजे घरातला नपुंसकाचा आवाज कागदावर पुल्लिंगाचा होतो. मुलगा जाळ्याला बरोबर नपुंसक मानत होता आणि त्याच्या कानाला नपुंसकाचा वाटणारा "फाटला" निवडत होता.

तेव्हापासून मी लिंगाची यादी पाठ करायला सांगत नाही. वाक्य मनात मालवणीत म्हणायचं आणि शेवटचा स्वर एक घर पुढे सरकवायचा. घरी "-ओ" आला तर कागदावर "-आ". घरी "-आ" आला तर कागदावर "-ए". घरी "-ई" आली तर ती "-ई"च राहते. ज्या मुलाच्या घरी मालवणी जिवंत आहे त्याला या कामात पुण्याच्या मुलाइतकाच भक्कम आधार आहे, फक्त तो कसा वापरायचा हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. "गावठी बोलू नको" म्हणून आपण नेमका तोच आधार काढून घेतो. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण काही वर्षं मीही मुलांना तेच सांगत होते.

या हिशेबाला मर्यादा आहेत. संगमेश्वरी, आगरी किंवा कोळी बोली बोलणाऱ्या मुलाला तो जसाच्या तसा लागू होणार नाही. त्याच्या बोलीचे स्वर आधी त्याच्याच तोंडून ऐकून घ्यावे लागतील. शिवाय हा हिशेब एकवचनाचा आहे. अनेकवचनात "-ए" पुल्लिंगाला येतो, जसे दोर तुटले, मासे आले. त्यामुळे पर्यायात "-ले" दिसला की तो नपुंसक एकवचन की पुल्लिंगी अनेकवचन, हे नामाकडे पाहूनच ठरवायचं.

क्रियापद कुणाचं ऐकतं?

(१) मध्ये निम्मी मुलं "उठवला" निवडतात, कारण तांडेल पुरुष आहे. काही "उठले" निवडतात, कारण खलाशी पुष्कळ आहेत.

करणाऱ्याला "ने" किंवा "नी" लागला की क्रियापद त्याचं ऐकणं बंद करतं. मग ते कर्माकडे बघतं. कर्मालाही "ला" किंवा "ना" लागला असेल तर त्याचंही ऐकत नाही, आणि मग ते नपुंसक एकवचनात जाऊन बसतं. "तांडेलाने" मध्ये "ने" आहे, "खलाशांना" मध्ये "ना" आहे, दोन्ही दारं बंद. म्हणून "उठवले". हा "-ले" खलाशी अनेक आहेत म्हणून आलेला नाही. एकाच खलाशाला उठवलं असतं तरी "खलाशाला उठवले" असंच झालं असतं. व्याकरणात याला भावे प्रयोग म्हणतात, पण नाव आठवलं नाही तरी चालेल. दारं बंद आहेत का ते तपासता आलं म्हणजे झालं. मालवणीतही ही दारं आहेतच, "तांडेलान" मधला "न" आणि "खलाशांका" मधला "का".

"उठले" का नाही? उठणारा स्वतः उठतो. इथे कुणीतरी कुणाला तरी उठवतंय. "तांडेलाने खलाशांना उठले" हे मोठ्याने म्हटलं की कोणत्याही मुलाला हसू येतं. म्हणून मोठ्याने म्हणायचं. परीक्षेत ओठांतल्या ओठांत.

(४) मध्ये एक दार उघडं आहे. "खलाशांनी" मधला "नी" म्हणजे करणारा गेला. "जाळी" ला मात्र काही लागलेलं नाही, म्हणून क्रियापद जाळीचं ऐकणार: "टाकली". एक सावधगिरी: "मी" आणि "तू" यांना हा "ने" दिसत नाही, पण असतो. "मी जाळे टाकला" असं होत नाही, "मी जाळे टाकले" असंच होतं, बोलणारा मुलगा असो की मुलगी. आणि विसरणे, शिकणे यांसारखी काही क्रियापदं भूतकाळातही करणाऱ्याचंच ऐकतात: तो जाळं विसरला, ती पोहायला शिकली.

(३) चटकन सुटतो. लाटा अनेक, स्त्रीलिंगी, शिवाय "एवढ्या" हे विशेषण तेच सांगतं, म्हणून शेवटी "होत्या" हवं. असे पर्याय दोन आहेत. लाटा ओसरत असत्या तर होडी मागे का फिरवली असती? "उसळत होत्या".

सातवी जागा

या उताऱ्यात सगळ्यात जास्त मुलं सातव्या जागी चुकतात, हुशार मुलंही. वर्गातल्या सर्वांत चांगल्या वाचणाऱ्या मुलीने "फाटल्या होत्या" निवडलं. मी कारण विचारलं. "दोन आसत ना बाई, म्हणान फाटल्या."

तिचा विचार असा होता. जाळी म्हणजे ती जाळी, स्त्रीलिंग. (४) मध्ये "टाकली" बरोबर आलं, म्हणजे स्त्रीलिंगावर शिक्कामोर्तब झालं. आता जाळी दोन आहेत, म्हणजे स्त्रीलिंगी अनेकवचन, "फाटल्या होत्या". यातली प्रत्येक पायरी तर्काला धरून आहे आणि उत्तर तरीही चूक आहे.

घोळ "जाळी" या शब्दात आहे. मराठीत तो दोन ठिकाणांहून येतो. खिडकीची जाळी ही स्त्रीलिंगी, एकवचनी. तिचं अनेकवचन जाळ्या. मासे पकडायचं ते जाळं नपुंसक, आणि त्याचं अनेकवचन पुन्हा जाळी. दोन्हींचं क्रियापद "-ली" होतं. म्हणून (४) मध्ये कुठलाही अर्थ धरला तरी उत्तर "टाकली" येतं आणि चुकीची समजूत बरोबर उत्तराच्या आड लपून राहते. पुढच्या वाक्यातलं "ती ओढायला घेतली" हेही दोन्हींना चालतं. "ती जाळी" म्हणजे एक स्त्रीलिंगी असेल, नाहीतर अनेक नपुंसक.

मग ठरवायचं कसं? शेजारी पुरावा नाही, म्हणून उताऱ्यात शोधायचा. तो तीन ठिकाणी सापडतो.

पहिला पुरावा "एकाच जाळ्यात". प्रत्यय लागताना नाम आपलं रूप बदलतं. स्त्रीलिंगी जाळीला "त" लावला तर "जाळीत" होतं, जसं होडीत, खाडीत. नपुंसक जाळ्याला लावला तर "जाळ्यात". उताऱ्यात "जाळ्यात" आहे. कुणी म्हणेल, ते "जाळ्या" या स्त्रीलिंगी अनेकवचनाचं रूप कशावरून नाही? त्यावर टिंब आलं असतं, "जाळ्यांत", आणि आधी "एकाच" आलं नसतं. अनेकवचनी सामान्यरूपावर प्रत्ययाच्या आधी अनुस्वार द्यायचा, हा मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या लेखननियमांतला नियम इथे थेट गुण मिळवून देतो. मुलं टिंबाला छपाईचा ठिपका समजून सोडून देतात.

दुसरा पुरावा "बाकीची दोन". दोन स्त्रीलिंगी वस्तू असत्या तर "बाकीच्या दोन" झालं असतं: बाकीच्या दोन होड्या, बाकीच्या दोन जाळ्या. "बाकीची दोन" फक्त नपुंसक अनेकवचनाला बसतं: बाकीची दोन घरं, बाकीची दोन जाळी. त्या मुलीने "दोन" वाचलं, त्याला चिकटलेलं "बाकीची" वाचलं नाही.

तिसरा पुरावा शेवटच्या वाक्यात आहे, "ती दोन्ही जाळी". स्त्रीलिंग असतं तर "त्या दोन्ही जाळ्या" असतं. सातव्या जागेच्या शंकेचं उत्तर आठव्या जागेच्या पलीकडे छापलेलं आहे. जो मुलगा जागा ओळीने भरतो आणि मागे वळून बघत नाही, त्याला ते कधीच दिसणार नाही.

नपुंसक अनेकवचन ठरलं, की "फाटला होता" आणि "फाटले होते" एकवचनी नपुंसकाला किंवा पुल्लिंगाला जातात म्हणून बाद, आणि "फाटल्या होत्या" स्त्रीलिंगी म्हणून बाद. उरलं "फाटली होती". जो शब्द कानाला एकवचनी वाटतो तोच इथे बरोबर आहे.

तिला हे वहीत पटलं, पण पक्कं झालं केळ्यांनी. "परसातली केळी वाऱ्याने मोडली" आणि "फणीतली केळी पिकली" अशी दोन वाक्यं मी फळ्यावर लिहिली. पहिल्यातली केळी म्हणजे झाड, स्त्रीलिंगी, एक. दुसऱ्यातली केळी म्हणजे फळं, नपुंसक, अनेक. क्रियापद दोन्हीकडे सारखंच. मोडते ती झाडाची केळी, पिकतात ती फणीतली केळी. प्रत्यय लावला की दोघी वेगळ्या होतात: केळीला घड लागला, केळ्यांचं शिकरण केलं. तिने घरी जाऊन अशा जोड्या शोधल्या आणि दुसऱ्या दिवशी "वेळ" घेऊन आली. "ओहोटीची वेळ झाली" पण "होडी लोटायला वेळ लागला". नेमका क्षण म्हटलं की स्त्रीलिंग, काही काळ म्हटलं की पुल्लिंग. तिथेही सामान्यरूप मदत करतं: ठरल्या वेळेला निघाले, थोड्या वेळाने आले. प्रत्यय नसेल तेव्हा मात्र अर्थच लिंग ठरवतो. ही जोडी मला सुचली नव्हती.

(८) थोडक्यात. "जे पैसे" म्हणून वाक्य सुरू झालं की त्याची जोडी "ते"च्या रूपानेच मिटते: जे ... त्यांतून. "ज्यांतून" घातलं तर "जे" दोनदा होतं आणि वाक्य लोंबकळत राहतं. "तिच्यातून" आणि "त्याच्याकडून" यांना उताऱ्यात धनीच नाही.

क्रम कोणता ठेवायचा

मुलं विचारतात, आधी व्याकरण बघू की आधी अर्थ? मी सांगते, आधी झाकून पूर्ण वाचन, मग व्याकरणाने पर्याय उडवणं, आणि दोन उरले की अर्थ. पण दोन उरले तेव्हा लगेच अर्थाकडे पळायचं नाही. आधी बघायचं की उरलेले दोन कशात वेगळे आहेत. ते अर्थाने वेगळे असतील, जसे पुरे आणि अपुरे, तर पुरावा अर्थात शोधायचा, बहुधा पुढच्या वाक्यात. ते फक्त शेवटच्या अक्षराने वेगळे असतील, जसे फाटली होती आणि फाटल्या होत्या, तर अर्थावर कितीही डोकं घासलं तरी उपयोग नाही. तिथे त्याच नामाची दुसरी रूपं उताऱ्यात कुठे आली आहेत ती शोधायची: प्रत्यय लागलेलं रूप, त्याच्या आधीचं विशेषण, त्याच्या जागी आलेलं सर्वनाम. दोन उरल्यावर चुकणाऱ्या मुलांचा घोटाळा इथेच होतो. अक्षराच्या फरकाला ती अर्थाने भिडतात आणि अर्थाच्या फरकाला कानाने.

अडलेली जागा सोडून पुढे जायचं, पेन्सिलीने बारीक खूण करून. सगळ्या जागा भरल्यावर उतारा एकदा सलग वाचायचा, भरलेल्या शब्दांसकट. सातव्या जागेसारख्या चुका या शेवटच्या वाचनात सापडतात, कारण तेव्हा "ती दोन्ही जाळी" हे शब्द "फाटल्या होत्या" शेजारी येऊन खटकतात. वेळ कमी असेल तर मी मुलांना दुसरं काहीही गाळायला सांगेन, हे वाचन नाही.

जिथे हे चालत नाही

एका प्रकारच्या जागेत व्याकरण आणि संदर्भ दोन्ही हात टेकतात. "दुपारनंतर समुद्राला ........ आली आणि होड्या तरंगू लागल्या", पर्याय: भरती, वाढ, चढण, पूर. "आली" मुळे "पूर" गेला, कारण पूर येतो. उरलेले तिन्ही स्त्रीलिंगी आहेत आणि तिन्हींत वर जाण्याचा अर्थ आहे. समुद्राला भरतीच येते, हे कुठल्याही नियमात नाही. तो शब्दांचा शेजार आहे आणि तो ऐकून-वाचूनच कळतो. भरती येते, ओहोटी लागते, वारा सुटतो आणि पडतो, मोहोर येतो आणि गळतो. आमच्या मुलांना हे शेजार घरून मिळतात. अंमलबजावणी, तरतूद, ठराव असे शब्द आले की मात्र ती अडखळतात, कारण ठराव मंजूर होतो आणि तरतूद केली जाते हे त्यांच्या कानावर पडलेलं नसतं. त्यासाठी रोज वर्तमानपत्रातली एक बातमी मोठ्याने वाचणं आणि असे जोडशब्द वहीत उतरवणं, याहून जवळचा रस्ता मला सापडलेला नाही. आठवड्याभरात गुण वाढतील असं मात्र मी कुणाला सांगत नाही.

आणि कधी प्रश्नच चुकलेला असतो. सरावाच्या एका संचात "आंब्याच्या झाडाला मोहोर आला, ........ बागायतदार आनंदला" या जागी "म्हणून" आणि "त्यामुळे" असे दोन्ही पर्याय होते, आणि उत्तरसूचीत फक्त "म्हणून" बरोबर धरलं होतं. दोघांत ना व्याकरणाचा फरक, ना इथे अर्थाचा. मुलाने दोन्ही घालून वाक्य वाचलं, आजूबाजूला पुरावा शोधला, आणि काहीच सापडलं नाही, तर मी त्याच्या वहीत "व्या" लिहीत नाही आणि "सं"ही लिहीत नाही. प्रश्नावर आडवी रेघ मारते आणि आम्ही पुढच्या उताऱ्याकडे जातो.